न्यूमोनियातून सुट्टी मिळाली, आता घरी काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलांचे आकडे आणि लक्षणं वेगळी असतात, त्यांना हे उत्तर लावू नका. तुमच्या कागदावर काही वेगळं लिहिलेलं असेल, तर आधी तो कागद खरा. तो लिहिणाऱ्याने तुम्हाला तपासलेलं असतं.

१. सुट्टीच्या कागदात नेमकं काय बघायचं?

बहुतेक जण गोळ्यांची यादी बघतात आणि कागद घडी घालून ठेवून देतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ज्या ओळी लागतात त्या मात्र गोळ्यांच्या वर आणि खाली असतात. एक नमुना घेऊ. अंबाजोगाईजवळच्या एका गावातले ५८ वर्षांचे शेतकरी, बरीच वर्षं बिडीची सवय, मधुमेह आहे. त्यांच्या कागदावरचा मजकूर साधारण असा असेल:

> दाखल ३ नोव्हेंबर, सुट्टी ९ नोव्हेंबर. निदान: उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया, मधुमेह.
> सुट्टीच्या वेळी: ताप नाही, नाडी ८८, श्वास मिनिटाला १८, रक्तदाब १२४/७८, ऑक्सिजन न लावता ९६ टक्के. तोंडाने जेवतात.
> इंजेक्शन अँटिबायोटिक ६ दिवस झाले. पुढे गोळ्या ३ दिवस.
> तपासणी १७ नोव्हेंबर. छातीचा फोटो १५ डिसेंबर, जुना फोटो सोबत आणणे.

यातली सगळ्यात कामाची ओळ म्हणजे ‘सुट्टीच्या वेळी’. घरी काही बिघडलं तर तुलना या आकड्यांशी करायची असते. ज्यांचा ऑक्सिजन घरी जाताना ९६ होता त्यांचा आज ९२ दिसला, तर तो बिघाड आहे. ज्यांना जुना दम्याचा किंवा धुराने झालेला फुफ्फुसाचा आजार आहे, त्यांच्या कागदावर ९१ लिहिलेलं असू शकतं आणि त्यांच्यासाठी ९१ म्हणजे नेहमीचंच. ही ओळ कोरी राहिली असेल तर दवाखाना सोडण्याआधीच सिस्टरकडून भरून घ्या. नंतर ती कुणी आठवून लिहीत नाही.

दुसरी ओळ निदानाची. ‘उजव्या खालच्या भागात’ हे शब्द सहा आठवड्यांनी फोटो वाचणाऱ्याला लागतात, कारण त्याला तीच जागा साफ झाली का ते बघायचं असतं.

२. ताप गेला, खोकला कमी झाला, तरी अंगात काहीच त्राण नाही. औषध लागू पडलं नाही का?

औषध लागू पडलंय. ताप जाणं म्हणजे जंतू हरले. पण फुफ्फुसाच्या पोकळ्यांत साठलेला चिकट स्राव आणि मेलेल्या पेशी शरीराला हळूहळू शोषून घ्याव्या लागतात, आणि आजारात झिजलेले स्नायू परत भरायला त्याहून जास्त वेळ लागतो.

साधारण हिशोब असा: पहिल्या आठवड्यात ताप जायला हवा. चौथ्या आठवड्यापर्यंत छातीतली चमक आणि बेडका बराच कमी होतो. सहाव्या आठवड्यापर्यंत खोकला आणि दम बराच कमी होतो. तीन महिन्यांनी बहुतेक सगळं जातं, पण थकवा राहू शकतो. पूर्वीसारखं वाटायला काहींना सहा महिने लागतात. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दोन जिने चढून धाप लागली तर घाबरू नका. मात्र दुसऱ्या आठवड्यापेक्षा तिसऱ्यात जास्त लागत असेल, तर प्रश्न ७ पाहा. आठवड्यामागून आठवडा सुधारणा होते की उलट चालू आहे, हे बघायचं असतं.

३. विश्रांती म्हणजे पलंगावरच पडून राहायचं का?

नाही. घरोघरी हीच चूक मायेपोटी होते. ‘उठू नका, आम्ही देतो हातात’ असं म्हणत आठ-आठ दिवस माणूस आडवा ठेवतात. आडवं पडल्यावर फुफ्फुसाचा पाठीकडचा, खालचा भाग दबतो, तिथला कफ सुटत नाही, पायातलं रक्त संथ होतं आणि गाठ होण्याचा धोका वाढतो.

दिवसभरात जेवण, चहा, गप्पा, टीव्ही हे सगळं बसून करा. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात किंवा अंगणात दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं चाला. दुसऱ्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. किती चाललं म्हणजे पुरे, हे बोलण्यावरून कळतं: चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. शब्दाशब्दाला श्वास घ्यावा लागला तर थांबा, बसा आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच चाला, वाढवू नका. दुपारी तासभर झोप लागत असेल तर खुशाल घ्या.

उन्हाळ्यात मराठवाड्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालणं सकाळी आठच्या आत उरका. कूलर चालेल, पण झोत थेट छातीवर नको आणि टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. साचून वास मारणाऱ्या पाण्याचे तुषार आजारी फुफ्फुसाला नकोत.

४. शेतात, कामावर कधी जाऊ?

बैठं काम असेल आणि ताप जाऊन आठवडा झाला असेल, तर साधारण दोन आठवड्यांनी अर्धा दिवस सुरू करता येतं. अंगमेहनतीचं काम, म्हणजे पोती उचलणं, खुरपणी, मोळी बांधणं, याला चार ते सहा आठवडे धरा.

वजनापेक्षाही धूळ आणि धूर जास्त नडतो. जिनिंगमधली कापसाची तूस, मळणीयंत्रापुढचा भुसा, फवारणीचे तुषार आणि चुलीचा धूर यांपासून सहा आठवडे पूर्ण लांब राहा. तोंडाला उपरणं बांधल्याने मोठी धूळ अडते, बारीक धूर आणि फवारा अडत नाही. घरात स्वयंपाक चुलीवर होत असेल तर आजारी बाईला त्या काळात चुलीपुढे बसवू नका. ही गोष्ट कागदावर सहसा लिहिलेली नसते. लिहायला हवी.

बिडी-सिगारेट कमी करून भागणार नाही. श्वासनळीच्या आतले केसासारखे तंतू कफ वर ढकलतात आणि धुराने नेमके तेच बधिर होतात. दवाखान्यात आठ दिवस बिडीविना गेलेच असतील, तर सगळ्यात अवघड टप्पा मागे पडलाय.

५. तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलंय, त्याचं काय करायचं?

ते फुंकायचं नाही, ओढायचं असतं. दिसायला खेळण्यासारखं असल्याने बरेच जण त्यात फुंकर मारतात, गोळ्या हलत नाहीत, आणि यंत्र खराब आहे असं समजून ते कपाटात जातं.

ताठ बसा. श्वास आधी पूर्ण बाहेर सोडा, नळी ओठात घट्ट धरा आणि सावकाश, खोल आत ओढा. दुसरी गोळी वर आली आणि दोन-तीन सेकंद टिकली तर चांगलं. तिन्ही गोळ्या झटक्यात उडवण्यात फायदा नाही. जागेपणी दर एक-दोन तासांनी पाच ते दहा वेळा पुरे. चक्कर आली तर मध्ये मिनिटभर थांबा. शेवटी उशी छातीच्या दुखऱ्या बाजूवर दाबून धरा आणि दोन-तीनदा जोरात खोका, म्हणजे कफ सुटतो आणि चमक कमी जाणवते.

६. अँटिबायोटिकच्या गोळ्या बरं वाटल्यावर बंद केल्या तर? आणि खोकला राहिलाय म्हणून अजून एक कोर्स घेतला तर?

पहिलं: कागदावर जेवढे दिवस लिहिलेत तेवढे पूर्ण करा. एकूण हिशोबात दवाखान्यातले इंजेक्शनचे दिवसही धरलेले असतात, म्हणून घरच्या गोळ्या तीनच दिवसांच्या आहेत हे बघून ‘डॉक्टरांनी कमी दिल्या’ असं वाटू देऊ नका. वरच्या नमुन्यात सहा आणि तीन असे नऊ दिवस झाले.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मेडिकलमधून आपल्या मनाने दुसरा कोर्स आणू नका, विशेषतः लिव्होफ्लॉक्सासिन किंवा त्या कुळातलं औषध. ही औषधं क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालतात. आत मुळात टीबी असेल, तर या गोळ्यांनी आठ-पंधरा दिवस बरं वाटतं, थुंकीची तपासणी चुकीने नकारात्मक येऊ शकते आणि निदान आठवडे मागे पडतं. तोवर घरातली बाकी माणसं त्याच हवेत श्वास घेत असतात. गावात ‘ताकदीचं इंजेक्शन’ म्हणून स्टेरॉइड दिलं जातं, त्यानेही ताप आणि लक्षणं झाकली जातात आणि साखर वाढते.

गोळ्या चालू असताना थोडे पातळ जुलाब होतात. पण दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे झाले किंवा रक्त दिसलं, तर फोन करून विचारा. जुलाब बंद करणारी गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

७. कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं?

याचे दोन गट करा. पहिल्या गटात थांबायचंच नाही, १०८ लावायचा किंवा असेल त्या गाडीने जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं:

बसल्या जागी दम लागतो, पूर्ण वाक्य बोलता येत नाही. ओठ किंवा नखं निळसर-काळपट दिसतात. माणूस बरळतो, ओळखत नाही, उठवूनही नीट जागा होत नाही. शांत बसलेलं असताना श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त. ऑक्सिजन ९२ किंवा कमी, आणि कागदावर मुळातच कमी आकडा असेल तर त्याच्याहूनही खाली. चमचाभराहून जास्त रक्त खोकल्यातून आलं. छातीत दाब, सोबत घाम, डावा हात किंवा जबडा दुखतो. न्यूमोनियानंतरच्या काही आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून ही छातीतली कळ ‘न्यूमोनियाचीच असेल’ म्हणून सोडू नका. एका पायाची पोटरी सुजून दुखते आणि अचानक दम लागला, तर पायातली गाठ फुफ्फुसात गेल्याची शंका असते.

दुसऱ्या गटात त्याच दिवशी फोन करायचा किंवा दाखवायला जायचं: गेलेला ताप परत आला (१०० अंश फॅरनहाइटच्या वर, दोनदा मोजून). एका बाजूला श्वास घेताना चमक वाढतेय. बेडक्याला घाण वास यायला लागला. बेडक्यात रक्ताच्या रेघा. ऑक्सिजन ९३-९४, कागदावरचा नेहमीचा आकडा तेवढाच किंवा त्याहून कमी नसेल तर. श्वास मिनिटाला २४ च्या वर. लघवी दिवसभरात दोन-तीन वेळा आणि गडद. चोवीस तासांत काहीच पोटात राहिलं नाही.

परत आलेला ताप आणि एका बाजूची वाढती चमक ही जोडी नीट लक्षात ठेवा. फुफ्फुसाभोवती पाणी किंवा पू साठत असेल तर असं होतं. त्याला नुसत्या गोळ्या पुरत नाहीत, पू असेल तर नळी टाकून काढावा लागतो, आणि जितका उशीर तितका तो घट्ट होत जातो. घाण वासाचा बेडका म्हणजे फुफ्फुसात गळू झाल्याची शंका. दारूचं व्यसन किंवा किडलेले दात असणाऱ्यांत हे जास्त दिसतं.

गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका. पुढे टेकून बसवा, उशी मांडीवर घेऊन दोन्ही हात तिच्यावर. तोंडात पाणी घालायची घाई करू नका. सुट्टीचा कागद, छातीचे फोटो आणि चालू गोळ्या एकाच पिशवीत आधीपासून ठेवलेल्या असाव्यात. वस्तीवर राहत असाल तर एकाला डांबरी रस्त्यापर्यंत पाठवा, रात्री वस्ती शोधण्यातच वेळ जातो.

८. ऑक्सिमीटर कधी ९७ दाखवतो, कधी ८५. कोणता खरा?

आधी बघा की तुम्ही योग्य आकडा वाचताय. पडद्यावर दोन आकडे असतात: `SpO2` म्हणजे ऑक्सिजन आणि `PR` म्हणजे नाडी. नाडी ८५ असेल आणि तोच ऑक्सिजन समजून घर हादरलं, असे फोन बरेच येतात.

पाच मिनिटं बसून राहा, हात कोमट करा, बोटावरची नेलपॉलिश पुसा. गडद मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. यंत्र लावल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा आणि मग लिहा. कमी आला तर दुसऱ्या हाताच्या बोटावर पुन्हा मोजा. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ एकदा पुरे. दर तासाला मोजून फक्त झोप उडते.

यंत्र नसेल तर श्वास मोजा. माणूस शांत बसलेला असताना, त्याला न सांगता, पोट किंवा छाती वर येते ती एक अशी पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, चूक मोठी होते.

९. आजींना ताप नाही, खोकलाही नाही, पण जेवत नाहीत आणि दिवसभर झोपून असतात. हे चालेल का?

नाही. सत्तरीच्या पुढे न्यूमोनिया परत उलटला तरी ताप येईलच असं नाही, कारण शरीराची तापण्याची ताकदच कमी झालेली असते. त्यांच्यात खूण वेगळी असते: काल ओळखणाऱ्या आज नातवाचं नाव चुकतात, उठताना तोल जातो, कपड्यात लघवी होते, घास तोंडातच धरून बसतात. ‘वयानं होतंय’ म्हणायच्या आधी श्वास मोजा (प्रश्न ८) आणि त्याच दिवशी दाखवा.

जेवताना ठसका लागत असेल तर झोपवून भरवणं बंद. ताठ बसवून, लहान घास, आणि जेवणानंतर अर्धा तास बसलेलं ठेवा. अन्न किंवा लाळ श्वासनळीत उतरून तिथेच दुसरा न्यूमोनिया होतो.

१०. छातीचा फोटो सहा आठवड्यांनीच का? मला तर पंधरा दिवसांत ठणठणीत वाटतंय.

कारण माणूस आधी बरा होतो आणि फोटो नंतर. तब्येत सुधारली तरी फोटोतला पांढरा डाग आठवडे रेंगाळतो. तरुण, निर्व्यसनी माणसात तो बहुधा महिन्याभरात जातो. पन्नाशीपुढे, बिडी ओढणाऱ्यात किंवा दोन-तीन भागांत पसरलेल्या न्यूमोनियात बारा आठवडेही लागतात. आठव्या-दहाव्या दिवशी हौसेने फोटो काढला तर डाग तसाच, कधी थोडा मोठाही दिसतो. मग घरचे घाबरतात, कुणीतरी दुसरं अँटिबायोटिक सुरू करतं आणि प्रश्न ६ मधली गडबड होते.

मग फोटो काढायचाच कशाला? न्यूमोनिया बरा झाला का, ते तुमचा ताप, दम आणि भूक आधीच सांगतात. फोटो बघायचा असतो तो न्यूमोनियाच्या मागे दुसरं काही दडलंय का यासाठी: टीबी, श्वासनळीत वाढलेली गाठ, अडकलेला सुपारीचा तुकडा किंवा शेंगदाणा, साठलेलं पाणी. डाग गेला तर मागे काही नव्हतं. डाग राहिला तर शोध घ्यायचा. शेंगदाण्याची गोष्ट गंमतीची वाटते, पण ठसका लागून गेलेला माणूस तो प्रसंग विसरतो आणि महिन्याने त्याच बाजूला न्यूमोनिया होतो. असा ठसका आठवत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

११. सगळ्यांनाच हा फोटो लागतो का?

नाही. वय पन्नाशीच्या आत, कधी बिडी-सिगारेट नाही, लक्षणं पूर्ण गेलेली आणि कागदावर फोटो लिहिलेला नाही, तर मुद्दाम काढायची गरज नसते.

पन्नाशीपुढचे, बिडी ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले, सहा आठवड्यांनंतरही खोकला-दम राहिलेले, वजन घटत चाललेले, बेडक्यात रक्त दिसलेले, आणि पहिल्या फोटोत पाणी किंवा वरच्या भागात डाग दिसलेले, यांनी तो चुकवू नये. बरं वाटतंय म्हणून तारीख सोडून देणारे नेमके याच गटातले असतात.

सहा आठवड्यांआधी फोटो किंवा सोनोग्राफी करायची वेळ एकच: प्रश्न ७ मधलं काही झालं तर. तेव्हा तारखेची वाट बघायची नाही.

१२. फोटोला जाताना काय न्यायचं, कुठे काढायचा?

ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात किंवा खाजगी एक्स-रे केंद्रात निघतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा मशीन नसतं, तेव्हा आधी विचारून निघा, म्हणजे एसटीचा फेरा वाया जाणार नाही.

जुना फोटो न्यायलाच हवा. एकट्या नव्या फोटोवरून ‘डाग आहे’ एवढंच कळतं. तो कमी होतोय की वाढतोय हे दोन शेजारी लावल्यावरच दिसतं. ट्यूबलाइटपुढे धरून मोबाईलवर काढलेला फोटोचा फोटो कामाचा नसतो, त्यात बारीक डाग विरून जातात. फिल्म द्या किंवा केंद्रातून मूळ फाइल मागून घ्या. फिल्म घडी घालू नका, आणि पत्र्याच्या तापलेल्या पेटीत ठेवू नका.

फोटो उभं राहून, पूर्ण श्वास भरून धरून काढायचा असतो. मंगळसूत्र, साखळी, ताईत काढा, केसांची वेणी पुढे किंवा वर बांधा. श्वास अर्धवट भरला तर फुफ्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि डाग नसतानाही डाग वाटतो. आणखी एक: दाखल असताना पलंगावर झोपवून काढलेल्या फोटोत हृदय मोठं दिसतं. घरी नेलेला फोटो तसा असेल तर ‘हृदय वाढलंय’ या धास्तीत राहू नका, उभ्या फोटोशी तुलना डॉक्टरच करतील.

एका छातीच्या फोटोत लागणारे किरण आपल्याला निसर्गातून दहा-एक दिवसांत मिळतात तेवढेच असतात. गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर मात्र आधी सांगा.

१३. सहा आठवड्यांनी फोटो काढला, डाग अजून आहे. आता?

वरच्याच नमुन्यातल्या शेतकऱ्यांचं पुढे बघू. १५ डिसेंबरला फोटो निघाला. ताप नाही, भूक परत आली, वजन किलोभर वाढलं, अर्धा किलोमीटर न थांबता चालतात. जुना फोटो शेजारी लावल्यावर डाग निम्मा झालेला दिसतो. वय आणि बिडी असूनही हा रोख चांगला आहे. अशा वेळी नवं अँटिबायोटिक देत नाहीत. बेडका अजून पडत असल्याने थुंकीचे दोन नमुने टीबीसाठी दिले, आणि पुढचा फोटो बारा आठवड्यांवर. ३ नोव्हेंबरपासून मोजलं तर ती तारीख २६ जानेवारी येते, म्हणजे सुट्टीचा दिवस आणि ओपीडी बंद. म्हणून कागदावर २७ लिहावी. २७ ला डागाच्या जागी बारीक रेघ उरली असेल, तर तो भरलेल्या जखमेचा वण. त्याला काही करायचं नसतं.

आता तोच माणूस, पण १५ डिसेंबरला डाग पहिल्याएवढाच किंवा मोठा. वजन तीन किलो घटलंय. इथे बारा आठवड्यांची वाट बघायची नाही. थुंकीची तपासणी त्याच आठवड्यात आणि छातीचा सीटी स्कॅन. त्यात श्वासनळी अडलेली दिसली तर दुर्बिणीने तपासणी. यातल्या काही तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात होतात, म्हणून चिठ्ठीवर ‘न्यूमोनियाचा डाग सहा आठवड्यांत गेला नाही’ हे स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘खोकला’ लिहिलं तर रांगेत पुन्हा खोकल्याचंच औषध मिळतं.

१४. थुंकीची टीबी तपासणी कशी द्यायची? लोक काय म्हणतील?

सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. यंत्रावरची नवी तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, त्याच नमुन्यात औषध लागू पडेल का हेही सांगते. दोन नमुने देतात, त्यातला एक सकाळी उठल्या उठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, मग दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. तोंडातली लाळ दिली तर तपासणी वाया जाते. डबीत घट्ट, पिवळसर बेडका असायला हवा. नमुना उघड्यावर, घराबाहेर द्या.

लोकांचं म्हणाल तर, तपासणी दिली म्हणजे टीबी झाला असं नाही. अहवाल येईपर्यंत घरात तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी, एवढंच.

१५. मधुमेह आहे. दवाखान्यात इन्शुलिन सुरू केलं, ते तसंच चालू ठेवायचं का?

कागदावरचा डोस चालू ठेवा, पण साखर जास्त वेळा मोजा. आजारात साखर चढते, स्टेरॉइड दिलं असेल तर आणखी. संसर्ग ओसरला की गरज कमी होते आणि दवाखान्यात बरोबर असलेला डोस घरी जास्त होतो. म्हणून पहिला आठवडा सकाळी उपाशीपोटी आणि रात्री जेवणाआधी मोजा. ७० च्या खाली आली किंवा थरथर, घाम, गोंधळ वाटला तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा आणि डोस कमी करण्यासाठी फोन करा. माणूस बेशुद्धीत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

१६. फोटोच्या तारखेला आम्ही ऊसतोडीवर असू. तारीख पुढे ढकलली तर चालेल का?

दिवाळीनंतर टोळ्या निघतात आणि परतेपर्यंत उन्हाळा लागतो, म्हणजे ‘आल्यावर काढू’ म्हटलं की सहा आठवड्यांचे पाच महिने होतात. आठवडाभर मागेपुढे चालतं, पाच महिने नाही.

आजारी माणसाने त्या हंगामात कोयता धरू नये, हे पहिलं. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढणं आणि पाचटाची धूळ हे दोन्ही प्रश्न ४ मध्ये टाळायला सांगितलेलं काम आहे. उचल घेतलेली असते, त्यामुळे हे बोलणं सोपं नाही, तरी मुकादमाला सुट्टीचा कागद दाखवून पहिले सहा आठवडे कोपीवरचं हलकं काम मागा. आणि सोबत कागद आणि जुनी फिल्म दोन्ही न्या. फोटो कारखान्याजवळच्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात निघतो, कर्नाटकात असाल तरी. तुलना करायला जुनी फिल्म मात्र तिथे कुणाकडे नसते. कोपीत ओलसर जागी न ठेवता ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर टांगा.

१७. घरात लहान मूल आहे. त्याला लागेल का?

अँटिबायोटिक सुरू होऊन दोन दिवस झालेत आणि ताप गेलाय, तर सहसा नाही. खोकताना तोंडावर रुमाल, हात धुणं आणि ताट-पेला वेगळा एवढं पुरे. टीबीची शंका असेल तर मात्र प्रश्न १४ प्रमाणे. फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस कधी घ्यायची ते पहिल्या तपासणीला विचारा. ताप असताना घेत नाहीत.

१८. वर्षाच्या आत पुन्हा न्यूमोनिया झाला. आता नेहमीचंच समजायचं का?

आधी जागा बघा. दोन्ही कागदांवरच्या निदानाच्या ओळी शेजारी ठेवा. मागच्या वेळी उजवा खालचा भाग आणि या वेळीही तोच, तर त्या भागात जाणारी श्वासनळी कशाने तरी अडलीय का, हे बघायला हवं. मधल्या काळात फोटो साफ आला असला तरी सीटी स्कॅनबद्दल विचारा. जागा दर वेळी वेगळी असेल तर कारण बहुधा फुफ्फुसाबाहेर असतं: न आवरलेली साखर, जेवताना लागणारा ठसका, दारू, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध किंवा आजार. तेव्हा तपासण्या रक्ताच्या आणि गिळण्याच्या असतात. दोन्ही वेळचे फोटो हाताशी असतील, तर यातली कोणती वाट धरायची ते पहिल्याच भेटीत ठरतं.